मिन्युएट इन जी : पुस्तकातले पी, एफ आणि क्रेसेंडो पाळूनही वाजवणं सपाट का वाटतं?

वरणगावची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी अकरा वर्षांची आहे, कीबोर्ड शिकते, क्लास भुसावळला आणि उरलेला रियाज घरी. परीक्षेसाठी ती मिन्युएट इन जी मेजर बसवतेय, तोच बाखच्या नावाने सगळीकडे वाजणारा. मागच्या परीक्षेच्या शेऱ्यात डायनॅमिक्स, म्हणजे आवाजाचं लहान-मोठं होणं, कमी पडले असं लिहून आलं होतं म्हणून यावेळी आम्ही पुस्तकातली प्रत्येक खूण पेन्सिलने गोल करून ठेवली. सुरुवातीला एमएफ म्हणजे मध्यम जोरात, तिसऱ्या बारपासून चौथ्यापर्यंत उघडत जाणारी ती केसाच्या चापासारखी खूण, पाचव्या बारला पी म्हणजे हळू, पुढे कुठे क्रेसेंडो म्हणजे आवाज वाढवत नेणं, शेवटी एफ म्हणजे जोरात. पोरगी बरोब्बर तिथे तिथे जोरात नि हळू वाजवते, तरी सर म्हणतात की हे सपाटच आहे, पुन्हा ऐकवा. आता अजून काय पाळायचं? मला स्वतःला फक्त पेटीवरची भजनं येतात, म्हणून इथे विचारते. दोन व्हॉइस नोट खाली टाकल्यात, एक सर नाही म्हणाले ती आणि एक कालची.

धुळेकर_ट्रॅक्स
ताई यात एवढं अवघड काही नाही. मी नोटेशन सॉफ्टवेअरवर काम करतो, तिथे प्रत्येक खुणेला आकडा ठरलेला असतो. म्यूझस्कोरमध्ये पी म्हणजे ४९, एमएफ ८०, एफ ९६, दोन एफ म्हणजे ११२, आणि कमाल १२७. कीबोर्ड किती जोरात दाबला गेला तो हा आकडा. पोरीला सांगा एमएफ म्हणजे सगळे सूर ८० च्या आसपास, पी आला की ४९ वर उतरायचं. सरांना मोजून दाखवा, वाद संपेल.

नंदुरबारी_पोर
सॉरी विषयांतर, पण माझ्या कीबोर्डवर हळू दाबलं काय न् जोरात दाबलं काय आवाज तेवढाच येतो. म्हणजे डायनॅमिक्ससाठी व्हॉल्यूमचं बटण फिरवायचं असतं का मधे मधे? उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्याने बटण, मग डाव्या हाताचं कोण वाजवणार भो?

पेटीमास्तर_चोपडा
वरणगावच्या ताई, तुम्ही पेटी वाजवता ना, मग उत्तर तुमच्या भात्यातच आहे. एक सूर धरून भाता दाबत नेला की तोच सूर फुगतो. मी भजनात ‘सा’ लावून असाच मोठा करत नेतो आणि मग गायक उचलतो. पोरीला आधी पेटीवर क्रेसेंडो शिकवा, एका सुरावर. नंतर कीबोर्डवर आपोआप येईल.

तापीकाठ
पुण्यात बरीच वर्षं पियानो शिकवला, आता जळगावात असते. ताई, व्हॉइस नोट ऐकल्या, पण त्यावरून काही ठरवू नका. मोबाइल व्हॉइस नोटमध्ये हळू आवाज आपोआप वर ओढतो आणि मोठा दाबतो, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. त्यात दोन्ही नोट मला जवळपास सारख्याच वाटल्या आणि त्यात मुलीचा दोष किती नि मोबाइलचा किती ते सांगता येत नाही. यूएसबीने कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडता येत असेल तर धुळेकरांना मिडी फाइल पाठवा, त्यात कुठली पट्टी किती जोरात दाबली ते नोंदलेलं असतं, त्यांच्या आकड्यांचा तिथे खरा उपयोग आहे.

पण आकड्यांबद्दल एक अडचण आहे. ४९ आणि ८० हे सॉफ्टवेअरने सोयीसाठी धरलेत, कारण मशीनला काहीतरी आकडा द्यावाच लागतो. कागदावरचा पी असा कुठलाच आकडा सांगत नाही. तो सांगतो की हा भाग आजूबाजूच्या भागापेक्षा हळू घ्या. तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या कीबोर्डवर, त्या दिवशीच्या आवाजात जे हळू असेल ते. आणि एमएफ लिहिलंय म्हणजे पुढच्या चार बारमधला प्रत्येक सूर सारख्या जोराचा, असं तर अजिबातच नाही. मुलगी नेमकं तेच करत असणार. एक पातळी धरायची, खूण आली की दुसरी पातळी. कानाला त्या दोन सपाट पट्ट्या वाटतात. सर सपाट म्हणतात ते एमएफच्या आतलं सपाट असणार.

पेटीमास्तर, तुमचं म्हणणं पेटीसाठी खरं आहे, पण पियानोच्या टोनवर ते होतच नाही. सूर एकदा वाजला की तो उतरतच जातो, नंतर बोट कितीही दाबा. म्हणून पियानोवरचा क्रेसेंडो एका सुरात नसतो, तो एकामागून एक येणाऱ्या सुरांमध्ये असतो, प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा जरा जास्त वजनाने.

अमळनेर_क्लॅरिनेट
लग्नाच्या बँडमधला माणूस आहे, तरी बोलतो. आमच्याकडे पी बी काही नसतं, वरातीत हळू वाजवलं तर नवरदेवाचे मित्र पैसे द्यायचे नाहीत. पण सनईचा तुकडा येतो तेव्हा ट्रम्पेटवाले गप्प बसतात, ढोल नुसता टिचकीवर, मी एकटा. मग सगळे एकदम. ते पण डायनॅमिक्सच ना? का त्याला काही वेगळं म्हणतात?

तापीकाठ
तेही डायनॅमिक्सच, आणि मोठ्या ऑर्केस्ट्रात तेच चालतं. हायडनची चौऱ्याण्णव नंबरची सिंफनी आहे, १७९२ ला लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली, तिच्या दुसऱ्या भागात ही गंमत स्पष्ट ऐकू येते. साधी चाल आठ बार हळू, पी म्हणजे पियानो. मग तीच चाल परत, आता पियानिसिमो, त्याहून हळू. आणि त्या दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या बारमध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा टिंपानीसकट फोर्टिसिमोने, म्हणजे अगदी जोरात, एक कॉर्ड मारतो. लोक त्या धक्क्याबद्दल बोलतात, पण धक्का बसतो आधीच्या पियानिसिमोमुळे. तीच कॉर्ड वरातीत तुमच्या मित्रांनी वाजवली तर कोणी मागे वळून बघणार नाही.

अमळनेर_क्लॅरिनेट
हे पटलं. पण मॅडम, एकटा क्लॅरिनेटवाला एका ओळीच्या आत काय करतो ते सांगा. माझा सूर वर गेला की आपोआप जोर येतो आणि खाली गेला की बसतो, मी काही ठरवून करत नाही.

तापीकाठ
तुमचं फुंकीचं वाद्य आहे, श्वास तुमच्यासाठी अर्धं काम करून जातो. कीबोर्डवाल्या पोरांना ते ठरवून करावं लागतं. ताईंच्या मिन्युएटचे पहिले आठ बार घेऊ, म्हणजे पेटीमास्तरांनाही कळेल. जीला सा धरला तर उजव्या हाताची चाल अशी आहे:

प, सारेगम | प, सा, सा | ध, मपधनि | सां, सा, सा |
मपमगरे | गमगरेसा | ऩिसारेगसा | रे

नुसतं म्हणून बघा. पहिल्या दोन बारमध्ये सारेगम कुठे चाललंय? दुसऱ्या बारच्या ‘प’कडे. म्हणजे त्या चार सुरांत आवाज जरा जरा वाढत त्या ‘प’वर पोचला पाहिजे, आणि मागचे दोन ‘सा’ हलके, नुसते टेकल्यासारखे. तिसऱ्या-चौथ्या बारमध्ये तीच गोष्ट एक मजला वर. ध पासून सुरुवात, मपधनि चढत तार ‘सां’वर. या चार बारचं शिखर तोच ‘सां’. तुमच्या पुस्तकातली तिसऱ्या बारवरची उघडणारी खूण हेच सांगते. खूण नसती तरी चालीतून कळलं असतं.

आता मुलीची बोटं बघा. त्या ‘प’वर आणि ‘सां’वर करंगळी येते, आणि दोन्ही वेळा ‘सा सा’वर अंगठा. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सूर सगळ्यात दुबळ्या बोटावर आणि जे दोन सूर हलके हवेत ते सगळ्यात जड बोटावर. काही लक्ष न देता वाजवलं की ऐकू येतं प-सा-सा यातलं सा-सा, धप धप. पुस्तकातल्या सगळ्या खुणा पाळूनही ते चुकतं, कारण अंगठ्यासाठी खूण कुठेच छापलेली नसते.

वरणगावची_आई
मॅडम, आत्ता शेजारी बसून ऐकलं. अगदी तसंच, सा-सा दणकून. एवढे दिवस मला वाटायचं तालासाठी ती मुद्दाम जोर देते.

धुळेकर_ट्रॅक्स
ताईंनी मिडी पाठवली, बघितली. दुसऱ्या बारमध्ये प ६१, आणि दोन्ही सा ८४, ८८. चौथ्यात सां ६६ आणि खालचे सा ९० च्या घरात. म्हणजे मॅडमचं म्हणणं आकड्यात दिसतंय. तिसऱ्या बारमधल्या चढत्या खुणेत मपधनि ८२, ८३, ८१, ८४. याला क्रेसेंडो कसं म्हणणार? पण पोरगी म्हणते ना की मी तिथे जोरात वाजवते.

तापीकाठ
ती खरंच जोरात वाजवते, तिसऱ्या बारच्या पहिल्या सुरापासूनच. इथे बहुतेक मुलं अडकतात. खूण दिसली की हात लगेच मोठा होतो, मग पुढे वाढायला जागाच उरत नाही. खूण जिथे सुरू होते तिथे हळू असायला हवं. ‘ध’ एमएफच्याही जरा खाली घेतला, ‘म’ त्याहून हलका, तर मग प, ध, नि एकेक पायरी चढून ‘सां’ला पोचतात. धुळेकर, तुमच्या भाषेत सांगायचं तर ६०-६२ पासून सुरू होऊन ‘सां’ला ८५-९० असं काहीतरी दिसायला हवं, पण पोरीला हे आकडे सांगू नका, नाहीतर ती स्क्रीन बघून वाजवेल.

घरी करायला एक गोष्ट सांगते. पहिले चार बार वाजवायचे, पण दोन्ही ठिकाणचे ‘सा सा’ मुके. अंगठा पट्टीवर टेकवायचा, दाबायचा नाही, वेळ मात्र तेवढाच मोजायचा. म्हणजे करंगळीचा ‘प’ आणि ‘सां’ कानात राहतात. तसं आठवडाभर, मग ‘सा सा’ परत आणायचे, ‘प’च्या आवाजाच्या आत मावतील एवढेच. अंगठा आडवा पडतोय का तेही बघा. मनगट जरा बाहेरच्या बाजूला, करंगळीकडे, झुकलं की वजन करंगळीला मिळतं.

आणि क्रेसेंडोत वेग वाढतोय का ते मेट्रोनोमवर तपासा. आवाज चढवताना मुलं हमखास पळतात, आणि हळू करताना रेंगाळतात. मग ऐकणाऱ्याला आवाज वाढल्याचं कळण्याआधी घाई कळते.

नंदुरबारी_पोर
माझं राहिलंच. हे सगळं माझ्या कीबोर्डवर होणार का नाही?

धुळेकर_ट्रॅक्स
भाऊ तुझ्या कीबोर्डच्या मेन्यूत टच रिस्पॉन्स किंवा टच सेन्सिटिव्हिटी शोध. सॉफ्ट, मिडियम, हार्ड, फिक्स असे पर्याय असतात, फिक्सवर असेल तर मिडियम कर. मेन्यूत तसलं काहीच नसेल तर तुझं मॉडेल टच नसलेलं आहे, त्यावर हे होणारच नाही. आणि आधी पियानोचा टोन लाव, ऑर्गनच्या टोनवर बऱ्याचदा तसाही फरक पडत नाही.

नंदुरबारी_पोर
मेन्यूत काहीच नाही. बरं. मग पप्पांना सांगायला कारण मिळालं.

पेटीमास्तर_चोपडा
मॅडम, एका सुरात वाढवता येत नाही हे मान्य, पण मग आठव्या बारमधल्या त्या लांब ‘रे’चं काय? तीन मात्रा तो नुसता मरत पडून राहणार? आमच्या पेटीत तिथे भाता दाबून धरला असता. तुमचं वाद्य इथे कमीच पडतं, हे मान्य करा की.

तापीकाठ
कमी पडतं, मान्य. म्हणून तिथलं काम डावा हात करतो. ‘रे’ उजव्या हातात धरलेला असताना डाव्या हातात एक छोटी ओळ म ग रे अशी खाली उतरते आणि नवव्या बारला जाऊन भिडते. मुली ती ओळ साथ समजून पुटपुटतात. ती नीट ऐकू आली, शेवटाकडे किंचित वाढत गेली, तर कानाला वाटतं की अख्खं संगीत पुढे सरकतंय, ‘रे’ विझत असला तरी. आणि तो ‘रे’ आहे, ‘सा’ नाही. वाक्य अजून संपलेलं नाही. तिथे आवाज पूर्ण खाली सोडला तर गोष्ट मधेच संपल्यासारखी वाटते. सोळाव्या बारला चाल ‘सा’वर येते, तिथे सोडा खुशाल.

पाचव्या बारला पी आहे त्याचंही असंच बघा. मपमगरे आणि मग गमगरेसा, तोच आकार एक पायरी खाली. दोन्ही एकसारख्या पी मध्ये वाजवले तर पाठ म्हटल्यासारखं होतं. दुसरा पहिल्यापेक्षा किंचित कमी, आणि मग सातव्यात ऩिसारेगसा परत वर यायला लागतं, ‘रे’कडे. हा सगळा फरक पी च्या आतच. बाहेरून ऐकणाऱ्याला पाच ते आठ बार हळूच वाटले पाहिजेत.

अमळनेर_क्लॅरिनेट
एक विचारू? हे पी, एमएफ त्या माणसाने स्वतः लिहिलेत का? कारण आमच्याकडे नोटेशन लिहून देणारा वेगळा आणि खुणा करणारा वेगळा, आणि तिसरा येऊन खोडणारा.

तापीकाठ
नेमकं विचारलंत. नाही. हा मिन्युएट बाखच्या बायकोच्या, आना माग्डालेनाच्या १७२५ सालच्या वहीत आहे, आणि बाखचा नसून ख्रिस्टियान पेत्सोल्टचा आहे असं आता मानतात. त्या वहीत या तुकड्यावर पी, एफ, क्रेसेंडो काही नाही. तुमच्या पुस्तकातल्या खुणा नंतरच्या संपादकाच्या आहेत, म्हणून दोन पुस्तकांत दोन वेगळ्या दिसतात. तेव्हा वाजवलं जायचं ते हार्प्सिकॉर्ड, त्यात तार छेडली जाते, बोट जोरात मारून आवाज मोठा होत नाही. मोठं-छोटं करायचं तर दुसऱ्या कीबोर्डवर जायचं किंवा जास्तीच्या तारा जोडायच्या.

धुळेकर_ट्रॅक्स
मग झालं की! मूळ वाद्यावर क्रेसेंडो शक्यच नव्हता तर आपण का करतोय? पायऱ्या करा, आठ बार एक आवाज, आठ बार दुसरा. पोरगी सुरुवातीला करत होती तेच बरोबर होतं म्हणजे.

तापीकाठ
हार्प्सिकॉर्डवरही चांगला वादक ओळ सपाट ठेवत नाही. आवाज बदलता येत नाही म्हणून तो ‘सा सा’ तोडून, आखूड वाजवतो आणि ‘प’ थोडा जास्त धरतो, म्हणजे कानाला ‘प’ मोठा वाटतो. क्लॅव्हिकॉर्ड नावाचं दुसरं वाद्यही घरांत असायचं, त्यावर बोटाच्या जोराने आवाज बदलतो, फक्त सगळाच फार बारीक. त्यामुळे पायऱ्याच बरोबर असं मी म्हणणार नाही. आणि मुलगी करत होती त्यात अंगठा ‘प’पेक्षा मोठा होता, ते कुठल्याच वाद्यावर चालत नाही.

वरणगावची_आई
मग परीक्षेत काय करायचं मॅडम? छापलेलं पाळायचं की नाही?

तापीकाठ
परीक्षेत छापलेलं पाळा, परीक्षकाच्या समोर तेच पुस्तक असतं. फक्त मोठ्या भागांची पातळी छापल्याप्रमाणे आणि आतली चढ-उतार चालीप्रमाणे. माझा एकच आग्रह, नवव्या बारला उजव्या हाताचे पहिले चार बार जसेच्या तसे परत येतात, तिथे पुस्तकात काही लिहिलेलं नसेल तर ते परत त्याच आवाजात वाजवू नका. मी पडसादासारखे हळू घेते.

पेटीमास्तर_चोपडा
मी उलट करीन. भजनात ओळ परत घेतली की लोक अजून जोरात धरतात. पहिल्यांदा सांगायचं, दुसऱ्यांदा ठासून.

तापीकाठ
तेही चालेल, पण मग सोळाव्या बारकडे जाताना वाढवायला काही शिल्लक ठेवा. नवव्यालाच सगळं देऊन टाकलं तर शेवटचे चार बार ढकलत न्यावे लागतात.

अमळनेर_क्लॅरिनेट
मला पेटीमास्तरांचं पटतं, पण मी वरातीतला माणूस आहे, माझं मत धरू नका.

वरणगावची_आई
अपडेट देते. मुका ‘सा’ केला, आधी तिला हसूच येत होतं, आता जमतंय. आज मिडी परत धुळेकर भाऊंना पाठवली. नववा बार दोन्ही पद्धतीने वाजवून ठेवलाय, सरांना दोन्ही ऐकवणार. तिला स्वतःला मास्तरांचा ठासून जास्त आवडतो.

धुळेकर_ट्रॅक्स
बघितली. दुसरा बार: प ७८, सा ५५, ५९. तिसरा: ध ६४, मग ५८, ६५, ७३, ८०, सां ८८. चौथ्यातला पहिला सा ५७, दुसरा मात्र परत ७९. अंगठा अजून पहिल्याला घाबरतो, दुसऱ्याला विसरतो.

तापीकाठ
दुसऱ्यावर नेहमी होतं ते. पुढचा पाचवा बार दिसायला लागतो आणि हात आधीच तिकडे निघतो, अंगठा ढकलला जातो. चौथ्या बारनंतर थांबून, हात उचलून, मग पाचवा सुरू करायला सांगा. चार-पाच दिवसांनी ते थांबणं कमी करत न्या. आणि ताई, ओळखीच्या कोणाकडे चांगल्या वजनाच्या पट्ट्यांचा डिजिटल पियानो असेल तर एकदा त्यावर बसवा. हलक्या पट्ट्यांवर करंगळी आणि अंगठ्यातला फरक कमी कळतो, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये जड पट्ट्या असल्या तर करंगळीचा ‘सां’ लागायचाच नाही.

वरणगावची_आई
भुसावळात तसा कोणाकडे आहे का? जळगावपर्यंत यायलाही तयार आहे, रविवार सोडून कधीही.